चित्र यंत्राचे, मापे छापखान्याची

पुस्तकाचे मुखपृष्ठ छापखान्यात एकटे कधीच जात नाही. मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ मिळून एकच लांब कागद छापला जातो. मराठी पुस्तक डावीकडे उघडत असल्याने या कागदाची छापील बाजू समोर धरली, की डावीकडे मलपृष्ठ, मध्ये कण्याची अरुंद पट्टी आणि उजवीकडे मुखपृष्ठ येते. छापून आणि लॅमिनेशन होऊन आलेला हा कागद आतल्या पानांच्या गठ्ठ्याभोवती गोंदाने चिकटवतात आणि मग कटिंग मशीनवर पुस्तकाच्या तीन मोकळ्या बाजू एकदम कापतात. मुखपृष्ठाचे बहुतेक नियम या दोन क्रियांतून, म्हणजे चिकटवणे आणि कापणे यांतून, निघालेले आहेत.

चित्रकार मुखपृष्ठ करत असे तेव्हा ही मापे त्याच्या हाताशी असत. पुस्तकाचा आकार त्याला आधी कळवलेला असे, नावाची जागा तो मनाशी धरून चित्र रंगवी. दीनानाथ दलालांसारखे चित्रकार याच शिस्तीत काम करत. एआयने तयार केलेल्या चित्राला मात्र पुस्तकाचा आकार, कण्याची जाडी किंवा नावाची अक्षरे यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याला सांगितलेला प्रसंग ते एका ठरावीक चौकटीत बसवून देते. चौकटीचे मुखपृष्ठ करण्याचे काम उरतेच, आणि ते चित्र मागवण्याच्या आधी सुरू करावे लागते.

उदाहरणासाठी एक कथासंग्रह घेऊ. नाव ‘धुक्यातली कौलं’, आकार डेमी, म्हणजे साडेपाच इंच बाय साडेआठ इंच. मिलिमीटरमध्ये १४० बाय २१६. पृष्ठे २४०, आतला कागद ७० जीएसएमचा मॅपलिथो, बांधणी परफेक्ट, आवरण ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डाचे. चित्रात कोकणातल्या डोंगरउतारावरची कौलारू घरे, पहाटेचे धुके आणि अंगणात उभी असलेली एक बाई हवी आहे.

पहिला हिशेब कण्याचा. कणा किती रुंद, हे पानांच्या गठ्ठ्याच्या जाडीवर ठरते. २४० पृष्ठांचे कागद १२०, कारण एका कागदाला दोन बाजू. मराठीत ‘पान’ हा शब्द कागदालाही वापरतात आणि त्याच्या एका बाजूलाही, त्यामुळे इथे हमखास घोटाळा होतो. २४० ‘पाने’ ऐकून कोणी २४० कागद धरले, तर कणा दुपटीने रुंद निघतो. आता एका कागदाची जाडी हवी. जीएसएम म्हणजे कागदाचे वजन, जाडी नव्हे. साध्या मॅपलिथोची जाडी मायक्रॉनमध्ये साधारण जीएसएमच्या १.३ पट असते. म्हणजे ७० जीएसएमचा कागद सुमारे ९१ मायक्रॉन, अर्थात ०.०९१ मिलिमीटर. १२० कागदांचे १०.९ मिलिमीटर झाले. आवरणाचे कार्ड दोन्ही बाजूंनी मिळून अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त भरते. एकूण कणा ११.५ मिलिमीटर.

हे गणित अंदाजासाठी ठीक आहे. कादंबऱ्यांसाठी जो हलका, फुगीर कागद वापरतात त्यात तंतूंच्या मध्ये हवा जास्त असते आणि जाडी जीएसएमच्या १.७ पटीपर्यंत जाऊ शकते. तोच ७० जीएसएम, तीच २४० पृष्ठे, पण गठ्ठा १०.९ऐवजी १४.३ मिलिमीटरचा. ऐन वेळी मुद्रकाकडे एक कागद संपला आणि त्याने दुसरा लावला, तर वजन सारखे असूनही कणा तीन मिलिमीटरहून अधिक वाढतो. म्हणून अनुभवी मांडणीकार मुद्रकाकडून डमी मागवतात. डमी म्हणजे ठरलेल्याच कागदाचा, तेवढ्याच पानांचा कोरा बांधलेला गठ्ठा. तो हलका दाबून व्हर्नियरने मोजला की आकडा पक्का होतो.

शेवटच्या प्रुफात १६ पृष्ठांचा एक फर्मा वाढला, तर आठ कागद वाढतात आणि कणा पाऊण मिलिमीटरने रुंदावतो. एवढ्याने नाव कण्याच्या मधून सरकलेले डोळ्याला दिसते. त्यामुळे मुखपृष्ठाची अंतिम फाइल नेहमी आतली पृष्ठसंख्या गोठल्यावरच करावी. प्रकाशनाची तारीख आधी ठरलेली असली की नेमका हाच क्रम उलटा होतो, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा हिशेब ब्लीडचा. कटिंग मशीनचे पाते एकाच वेळी पुस्तकांची चळत कापते. चळतीत वरचे पुस्तक आणि खालचे पुस्तक अगदी त्याच रेषेवर कापले जाईल याची खात्री नसते. मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होतेच. चित्र बरोबर कटाच्या रेषेपाशी संपवले, तर पाते थोडे बाहेर पडताच कडेला कोऱ्या कागदाची पांढरी रेघ राहते. गडद चित्रावर ती फार बोचते. म्हणून चित्र कटरेषेच्या पलीकडे ३ मिलिमीटर वाढवून छापतात. ही वाढीव पट्टी म्हणजे ब्लीड. ती कापून टाकण्यासाठीच छापलेली असते.

आता पूर्ण कागदाचे माप काढता येते. मलपृष्ठ १४०, कणा ११.५, मुखपृष्ठ १४०, बेरीज २९१.५. दोन्ही टोकांना तीन-तीन मिलिमीटर ब्लीड धरून रुंदी २९७.५ मिलिमीटर. उंची २१६ अधिक सहा, म्हणजे २२२. हा आयत मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आखून त्यावर कण्याच्या दोन रेषा आणि कटाच्या रेषा ओढल्या, की पुढे चित्र नेमके कुठे बसायचे आहे ते समजते.

छपाईला एका इंचात सुमारे ३०० ठिपके लागतात. २२२ मिलिमीटर म्हणजे ८.७४ इंच, त्यासाठी उभ्या दिशेने साधारण २६२० ठिपके हवेत. एआयची साधने बहुधा हजार ते दीड हजार ठिपक्यांचे चित्र देतात. १०२४ बाय १५३६ ठिपक्यांचे उभे चित्र मिळाले असे धरू. ते २२२ मिलिमीटर उंचीला ताणले, की इंचाला १७६ ठिपके उरतात. मोबाइलवर हे चित्र झकास दिसते; छापल्यावर कौलांच्या कडा लोण्यासारख्या मऊ होतात. फाइलच्या माहितीत ७२ खोडून ३०० हा आकडा लिहिणे हा उपाय नव्हे, कारण त्याने एकही ठिपका वाढत नाही. ठिपके वाढवणारी वेगळी साधने असतात. दुपटीने मोठे केले तर उंची ३०७२ ठिपके होते आणि छपाईची गरज भागते. मात्र हे साधन नवा तपशील कल्पनेने भरते. धुके, आभाळ, माती यांत ते खपून जाते. बाईचा चेहरा, हाताची बोटे, कौलांच्या ओळी मात्र मोठे केल्यावर मूळ आकारात एकेक करून पाहाव्या लागतात. एका ओळीतली कौले पुढच्या ओळीत विरघळलेली सापडणे अगदी नेहमीचे आहे.

आकारमान मात्र इथे सोयीचे निघते. मुखपृष्ठाला कण्यापासून बाहेरच्या ब्लीडपर्यंत १४३ मिलिमीटर रुंदी लागते आणि २२२ उंचीला हे चित्र १४८ मिलिमीटर रुंद होते. पाच मिलिमीटर जादा, जे डावी-उजवीकडे सरकवून जुळवता येते. चौरस चित्र घेतले असते, तर त्याच उंचीला ते २२२ मिलिमीटर रुंद झाले असते आणि त्याचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग कापावा लागला असता. चित्र मागताना चौकटीचे प्रमाण आधी सांगायचे ते यासाठी.

मागणीच्या शब्दांत ‘पुस्तकाचे मुखपृष्ठ’ असे घालण्याचा मोह टाळावा. हे शब्द वाचून यंत्र अनेकदा पुस्तकाचेच चित्र काढते. टेबलावर ठेवलेला ग्रंथ, त्याचा कणा, त्याची सावली, वर अक्षरांसारखी दिसणारी काही गिचमीड. ते छापायला कुचकामी असते. प्रसंग सांगावा, प्रकाश सांगावा, वरचा तिसरा हिस्सा मोकळ्या धुक्याचा ठेवायला सांगावे आणि चौकट, किनार नको हेही सांगावे. किनारीचा धोका खास आहे. कटरेषेपासून चार मिलिमीटरवर बारीक पट्टी असली आणि पाते एक मिलिमीटर सरकले, तर एका बाजूला पट्टीबाहेर पाच मिलिमीटर राहतात आणि समोरच्या बाजूला तीन. अख्खे पुस्तक तिरके छापल्यासारखे वाटते.

यंत्राच्या चित्राला ब्लीड नसते. त्याने जी चौकट दिली तीच पूर्ण रचना असते आणि तिच्या कडेपर्यंत वस्तू भरलेल्या असतात. अंगणातल्या बाईचा पदर चित्राच्या उजव्या कडेपासून चार मिलिमीटरवर असेल, तर ब्लीड कापल्यावर तो पानाच्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर लटकतो. यावर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुख्य वस्तूंभोवती भरपूर मोकळी जागा असलेले चित्र मागणे. ते हाताशी नसेल तर कडेचे चित्र आरशासारखे उलटवून तीन मिलिमीटरची पट्टी जोडतात. धुक्याच्या बाजूला हे कळत नाही, पण कडेला छपराचा वासा असेल तर तो कोपरासारखा वळलेला दिसतो. तिसरा मार्ग म्हणजे फक्त वाढीव पट्टी यंत्राकडूनच भरून घेणे. त्यात सांध्याच्या दोन्ही बाजूंचा उजेड आणि रंग जुळतो का, हे मोठे करून तपासायचे.

एकच आडवे चित्र मलपृष्ठापासून मुखपृष्ठापर्यंत पसरायचे ठरले तर अडचण वेगळी येते. विशेष काही न सांगता मागितले, तर एआय मुख्य आकृती बहुधा चित्राच्या मध्यावर ठेवते. पूर्ण कागदाचा मध्य कुठे येतो? २९७.५च्या निम्म्यावर, म्हणजे १४८.७५ मिलिमीटरवर, आणि कणा आहे १४३ ते १५४.५ यांच्या मध्ये. बाईचा चेहरा नेमका कण्यावर. आडवे चित्र १५३६ बाय १०२४ चे असेल, तर २२२ उंचीला ते ३३३ मिलिमीटर रुंद होते आणि ३५ मिलिमीटर सरकवायला मिळतात. चित्र जितके उजवीकडे नेता येईल तितके नेले, तरी त्याचा मध्य कण्यापासून फक्त १२ मिलिमीटर आत येतो. मुखपृष्ठाचा मध्य कागदाच्या डाव्या टोकापासून २२४.५ मिलिमीटरवर आहे, म्हणून बाई चित्राच्या डावीकडून सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर हवी. शिवाय या चित्रात उंचीला १०२४च ठिपके असल्याने ते तिपटीने मोठे करावे लागते. पुढच्या बाजूला उभे चित्र आणि कण्यापासून मागे त्याच धुक्याचा सपाट रंग, ही जोडणी बहुतेक वेळा अधिक नेटकी दिसते.

अक्षरांना चित्रापासून वेगळे ठेवावे. यंत्राला चित्रातच ‘धुक्यातली कौलं’ लिहायला सांगितले, तर जोडाक्षर फुटणे, मात्रा शेजारच्या अक्षरावर जाणे, शिरोरेषा मध्येच तुटणे असे प्रकार होतात. समजा अक्षरे बरोबर आली, तरी ती ठिपक्यांची असतात. कडा धारदार येत नाहीत आणि नावात बदल झाला तर पूर्ण चित्र नव्याने करावे लागते. नाव मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकाने बसवावे किंवा अक्षरलेखनकाराकडून करून घ्यावे. टंक निवडताना ‘ल’कडे आधी पाहावे. पुष्कळ टंकांत मूळ ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी वळण येत नाही. या नावात ‘ल’ दोनदा आला आहे.

नावाची जागा ठरवताना तीन बाजूंनी कटरेषेपासून किमान दहा मिलिमीटर सोडावेत. डाव्या बाजूचा हिशेब निराळा आहे. परफेक्ट बांधणीत कण्यालगत पाच-सहा मिलिमीटर पट्टीत गोंद लागतो आणि पुस्तक उघडताना आवरण तिथे मुडपते. त्या घडीवर अक्षर आले तर महिन्याभरात त्यावर पांढरी चीर दिसू लागते. घडीची पट्टी सोडली की डोळ्याला दिसणारे मुखपृष्ठ १३४ मिलिमीटरचेच राहते, त्यामुळे नाव १४०च्या मध्यापासून दोन-तीन मिलिमीटर उजवीकडे ठेवले तर मधोमध वाटते.

देवनागरी अक्षराची उंची फसवी असते. डोळा शिरोरेषेला वरची कड मानतो, पण वेलांटी, मात्रा, रफार तिच्या वर चढतात आणि उकार, ऋकार खाली उतरतात. ‘धुक्यातली’ वरच्या ओळीत आणि ‘कौलं’ खालच्या ओळीत ठेवले, तर ‘धु’चा उकार थेट ‘कौ’च्या मात्रांवर उतरतो. दोन ओळी एकमेकींत गुंतू नयेत म्हणून अंतर वाढवावे लागते; किंवा खालची ओळ उजवीकडे सरकवावी, म्हणजे उकार मोकळ्या जागेत उतरतो. दुसरा उपाय जास्त देखणा. रोमन लिपीत अक्षरांमध्ये अंतर टाकून नाव ऐसपैस करतात तसे इथे करू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात.

चित्राची पार्श्वभूमी शिरोरेषेला गिळू शकते. नावाच्या मागे क्षितिजाची रेघ, विजेची तार किंवा छपराची आडवी कड त्याच उंचीवर आली, की अक्षरे वाचायला अडखळायला होते. यंत्राची चित्रे कोपऱ्यापर्यंत सारख्याच बारकाईने भरलेली असतात, म्हणून हा त्रास वाढतो. अक्षरांना जाड पांढरी कड देणे किंवा खाली सावली टाकणे ही मलमपट्टी झाली. त्यापेक्षा चित्राचा तो भाग हलक्या धुक्याच्या थराने झाकावा. या पुस्तकात तर धुके विषयातच आहे. डोळे बारीक करून पाहिल्यावर नाव एक ठळक पट्टा म्हणून वेगळे दिसले, तर जागा बरोबर आहे.

कण्यावर नाव वरून खाली वाचले जाईल असे ठेवले, तर पुस्तक मुखपृष्ठ वर करून टेबलावर ठेवल्यावर ते सरळ वाचता येते. तेव्हा शिरोरेषा मुखपृष्ठाच्या बाजूला येते. अक्षरे एकाखाली एक उभी रचण्याचा प्रकार टाळावा. त्यात शब्द राहत नाही. ११.५ मिलिमीटरच्या कण्यावर दोन्ही कडांना दीड मिलिमीटर सोडले, की साडेआठ उरतात. बांधणी करताना आवरण मिलिमीटरभर सरकते, म्हणून हा दीड मिलिमीटर खाऊ नये. मात्रा आणि उकार धरून अक्षर साडेआठात बसवले, तर शिरोरेषेपासून पायापर्यंतचा भाग साधारण साडेचार-पाच मिलिमीटर येतो. सॉफ्टवेअर टंकाच्या पूर्ण चौकटीनुसार मध्य काढते, तेव्हा नाव एका बाजूला झुकलेले दिसू शकते. ते डोळ्याने सारखे करावे. कण्याला मुखपृष्ठाहून वेगळा भडक रंग देऊन कडक रेषेवर थांबवणे धोक्याचे आहे. आवरण जरा सरकले, की त्या रंगाची रेघ पुढे डोकावते. धुक्याचा रंग कण्यावरून सलग मागे नेला तर हे सरकणे कोणाच्या लक्षातही येत नाही. जेमतेम ६०-७० पृष्ठांच्या पुस्तकाच्या कण्यावर मजकूर न टाकलेलाच बरा.

मलपृष्ठावर मजकूर आणि बारकोड येतो. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. बारकोडाला सुमारे ५० बाय ३० मिलिमीटरचा कोरा पांढरा चौकोन आणि त्यावर निव्वळ काळी शाई लागते. चित्राच्या पोतावर थेट छापलेला बारकोड दुकानातल्या यंत्राला वाचता येत नाही.

पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात, छपाईचे चार शायांचे. एआयच्या चित्रांतले झगझगीत निळे आणि पोपटी शाईत उतरत नाहीत, करडे पडतात. फाइल सीएमवायकेमध्ये बदलून पाहिली की ते आधीच दिसते, आणि रंग तिथेच बेताचे करून घेता येतात. अक्षरे शेवटी ‘कर्व्ह’ करून, म्हणजे टंकाऐवजी आकार बनवून, ब्लीड आणि कटखुणांसह पीडीएफ द्यावी. मुद्रकाच्या संगणकावर तो टंक नसला, तर मात्रांची उलथापालथ होते. कर्व्ह केल्याने ती टळते.

फाइल पाठवण्यापूर्वी घरच्या साध्या प्रिंटरवर पूर्ण आकाराची प्रत काढावी. एवढा कागद ए-४ वर मावत नाही. ए-३ वर काढावी किंवा दोन तुकडे जोडावेत. कटरेषेवर कात्री चालवून ती प्रत डमीभोवती गुंडाळली, की नाव घडीत गेले आहे का, कणा मधोमध बसतो का आणि बाईचा पदर किती कापला गेला, हे हातात धरूनच समजते. प्रत मुद्दाम एक मिलिमीटर डावीकडे आणि मग तेवढीच उजवीकडे सरकवून पाहावी. दोन्हीकडे डोळ्याला काही खटकले नाही, तर पीडीएफ मुद्रकाकडे पाठवायला हरकत नाही.